तुकोबा फुकट, ‘सैराट’ला पैसे

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून निघाले आणि पांढुर्णा हा मध्य प्रदेशाचा ५५वा जिल्हा झाला. घरात मराठी, कचेरीत हिंदी, लग्नाच्या पत्रिका दोन्हींत. १९५६ पर्यंत नागपूर हीच आपली राजधानी होती. पुढे विदर्भ तिकडे गेला आणि आपण इकडे राहिलो. पण सिनेमाची आवड काही राज्याच्या हद्दीवर थांबली नाही. आजही पोळ्याच्या करीला, गोटमार आटोपून थकलेली मंडळी घरी आली की कुणीतरी म्हणतंच, ‘जुनं मराठी काही लाव ना.’

ते ‘जुनं मराठी’ मिळतं कुठे? जाहिराती बघून फुकट मिळणाऱ्या जागी, की महिन्याचे पैसे भरून? सरळ उत्तर असं की सिनेमा ज्या वर्षीचा, त्यावर सगळं ठरतं. जितका जुना, तितका तो फुकट सापडण्याची शक्यता जास्त. असं का होतं याच्या मागे मजेशीर गोष्टी आहेत.

रवींद्रनाथांमुळे थांबलेले मराठी सिनेमे

भारतीय कायद्यानुसार सिनेमाचा हक्क तो प्रदर्शित झाला त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या साहित्याचे हक्क १९९१ अखेर संपणार होते. तेव्हा धावपळ झाली आणि १९९२ च्या दुरुस्तीने मुदत दहा वर्षांनी वाढली. ती फक्त साहित्याची वाढली नाही, सिनेमाचीही वाढली. म्हणून राजा परांजप्यांचा ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) हक्कांतून मोकळा व्हायला १ जानेवारी २०२१ उजाडावा लागला. सुलोचनाबाईंची ‘मोलकरीण’ (१९६३) १ जानेवारी २०२४ ला मोकळी झाली. भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’ची (१९६५) पाळी १ जानेवारी २०२६ ला आली. हाच हिशेब पुढे नेला तर दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ (१९७१) २०३२ उजाडताना आणि ‘पिंजरा’ (१९७२) २०३३ उजाडताना मोकळा होईल.

यात एक गाठ मात्र आहे. सिनेमा मोकळा झाला म्हणून त्यातलं गाणं मोकळं होत नाही. गीत आणि चाल यांचा हक्क लिहिणाऱ्याच्या, चाल देणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ‘जगाच्या पाठीवर’ची गाणी गदिमांची. ते १९७७ मध्ये गेले, म्हणजे शब्दांचा हक्क २०३७ अखेरपर्यंत. संगीत सुधीर फडक्यांचं. ते २००२ मध्ये गेले, म्हणजे चालींचा हक्क २०६२ अखेरपर्यंत. म्हणूनच कधीकधी यूट्यूबवर जुन्या सिनेमात ऐन गाण्याच्या वेळी आवाज गप्प होतो, किंवा गाणंच उडवलेलं असतं आणि नायिका एका वाक्यावरून थेट पुढच्या प्रसंगात पोचते. नेट गेलं असं वाटतं, पण गेलेलं असतं ते गाणं.

हक्क संपलेला सिनेमा कुणीही चढवू शकतो. त्यामुळे पैसे घेणाऱ्या कंपनीला तो ठेवून वेगळा फायदा काही नाही, कारण शेजारच्या दुकानात तोच माल मोफत आहे. १९६५ पर्यंतचं मराठी बघायचं असेल तर आधी मोफत जागाच धुंडाळाव्यात. तिथे शोध घेण्याआधी पैसे भरणं मला तरी पटत नाही.

सौंसरच्या आळीत आषाढी

आमच्या आळीत आषाढी एकादशीला दुपारी टीव्हीवर ‘संत तुकाराम’ लावायचा बेत झाला. प्रभातचा, १९३६ चा, दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला, विष्णुपंत पागनीस तुकोबा. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात जगाने गौरवलेला. शेजारच्या पोराने इंग्रजी अक्षरांत नाव टाकलं, पहिलं जे आलं ते लावलं. साबुदाण्याच्या उसळीच्या वाट्या घेऊन बाया बसल्या. दोन मिनिटांत सरूकाकू म्हणाल्या, ‘काऽ भाऊ, हा तुकाराम तं हिंदी बोलून राह्यला!’

खरंच होतं. तुकोबांवर सिनेमे अनेक आहेत. १९६३ चा कन्नड आहे, त्यात राजकुमार. २०१२ चा मराठी आहे, त्यात जितेंद्र जोशी. २०२५ चा हिंदी आहे, त्यात सुबोध भावे. आमच्या पोराच्या फोनवर दिवसभर हिंदी चालतं, म्हणून त्याच्यापुढे हिंदीच आधी आला. मग त्याला देवनागरीत असं लिहायला सांगितलं:

```
संत तुकाराम १९३६ विष्णुपंत पागनीस
```

आणि यूट्यूबच्या गाळणीत वीस मिनिटांहून मोठे, म्हणजे Over 20 minutes हा पर्याय लावला. अभंगांचे तुकडे, कीर्तनं, रील्स सगळी गळून पडली. उरल्या पूर्ण सिनेमाच्या चार-पाच प्रती.

आता त्यातली कोणती? इथे खरी गंमत सुरू होते. या सिनेमाची नोंदलेली लांबी १३१ मिनिटं. एक प्रत होती २ तास १० मिनिटांची. दुसरी २ तास ६ मिनिटांची. तिसरी १ तास ५० मिनिटांची. घाईत पाहिलं तर पहिली पूर्ण, बाकी दोन्ही कापलेल्या, असंच कुणी म्हणेल. पण दुसरी कापलेली नसण्याची दाट शक्यता आहे. सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ चित्रं चालते, आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची आणि डीव्हीडीची पद्धत सेकंदाला २५ चित्रांची. चोवीसची फिल्म पंचवीसच्या वेगाने उतरवली की सिनेमा चार टक्क्यांनी आखूड होतो: १३१ चे साधारण १२६ होतात. म्हणजे २ तास ६ मिनिटं. एकही प्रसंग गेलेला नसतो, फक्त पागनीसांचा आवाज किंचित चढा लागतो. कान तयार असलेल्या भजनी माणसाला तो पट्टीतला फरक कळतो, बाकीच्यांना नाही.

तिसरी प्रत मात्र खरोखर कापलेली. वीस मिनिटं वेगाच्या फरकाने जात नाहीत. टीव्हीवर जाहिरातींसाठी जागा काढताना कात्री लागलेली प्रत बहुधा अशी असते.

ज्या सिनेमाची लांबी कुठे नोंदलेली सापडत नाही, त्याचा पत्ता त्याच्या कपाळावरच असतो. सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं ना, जे आपण सगळे पुढे ढकलतो, त्यावर भाषा आणि फिल्मची लांबी लिहिलेली असते. तिथे थांबा. लांबी मीटरमध्ये असेल तर २७.४ ने भागा, फुटांत असेल तर ९० ने भागा, आलेला आकडा म्हणजे जवळपास मिनिटं. ४००० मीटरचा सिनेमा म्हणजे साधारण १४६ मिनिटं. चार टक्के सूट द्या. त्याहून बरीच कमी भरली तर काहीतरी गळालंय. आणि भाषेची ओळही वाचून घ्या, आपल्याकडे तिची गरज पडते. का ते लगेच सांगतो.

त्या दिवशी आम्ही २ तास १० मिनिटांची प्रत लावली. जाहिराती आल्या, त्या वेळात चहा झाला. आणि हो, या सिनेमातलं एक गाणं शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं आहे, पण ते इतकं तुकोबांचं वाटलं की लोकांनी अभंग म्हणूनच डोक्यावर घेतलं. सरूकाकूंना हे सांगितलं तर त्या मानायलाच तयार नव्हत्या.

एकच सिनेमा, दोन तोंडं

प्रभात कंपनी तीसच्या दशकात आणि पुढेही एकाच कथेचे मराठी आणि हिंदी असे दोन सिनेमे करी. हे डबिंग नव्हे. प्रसंग दोनदा चित्रित व्हायचा, एकदा मराठीत, एकदा हिंदीत, आणि कधी नटही बदलायचे. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२), म्हणजे पहिला मराठी बोलपट, त्याचा हिंदी जोडीदार आहे. ‘कुंकू’ (१९३७) हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला. ‘माणूस’ (१९३९) ‘आदमी’ झाला. ‘शेजारी’ (१९४१) ‘पडोसी’ झाला. ‘पिंजरा’सुद्धा पुढे हिंदीत निघाला, तोही ‘पिंजरा’ याच नावाने!

पुण्यात हा घोटाळा कमी होतो. पांढुर्ण्यात रोजचा आहे, कारण आपल्या फोनला आपण हिंदी प्रेक्षक वाटतो. नाव दोन्ही भाषांत एकच असलं की यादीत हिंदी वर आणि मराठी खाली. म्हणून नावासोबत कलाकाराचं नाव द्यावं, ‘मराठी’ हा शब्द जोडावा आणि पहिल्या मिनिटातच प्रमाणपत्रावरची भाषा वाचावी. इंग्रजी अक्षरांत शोधायचंच असेल तर दोन-तीन तऱ्हांनी लिहून बघावं. ‘बनवाबनवी’ कुणी w ने लिहितं, कुणी v ने. एका तऱ्हेने न सापडलेली चांगली प्रत दुसऱ्या तऱ्हेने हाती लागते.

याच्या उलट फसगत ‘श्यामची आई’त होते. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा सिनेमा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा, कृष्णधवल. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी त्याच पुस्तकावर नवा सिनेमा केला, तोही कृष्णधवल! लहानशा चित्रावरून दोन्ही सारखेच वाटतात. वनमाला आणि माधव वझे दिसले तर तो अत्र्यांचा.

व्हिडिओच्या दुकानांनी सांभाळलेला खजिना

१९६५ नंतरचे सिनेमे हक्कांत आहेत, तरी ‘अशी ही बनवाबनवी’, ‘धुमधडाका’ यांच्या जमान्यातलं कितीतरी मराठी यूट्यूबवर राजरोस, पूर्ण आणि कायदेशीर दिसतं. ते कुणी चढवलं? बहुतेक वेळा व्हिडिओच्या कंपन्यांनी. कॅसेट आणि व्हीसीडीच्या दिवसांत निर्मात्यांकडून ज्यांनी हक्क विकत घेतले, त्यांच्याच हाती पुढे इंटरनेटचे हक्क आले.

शेमारू ही त्यांतली मोठी. तिची सुरुवात १९६२ मध्ये मुंबईत पुस्तकांच्या लायब्ररीने झाली. १९७९ मध्ये तिने व्हिडिओ भाड्याने द्यायला सुरुवात केली. आज तिचं मराठी यूट्यूब चॅनेल आहे, जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेली मराठीबाणा ही सिनेमाची वाहिनी आहे आणि पैसे घेणारं ॲपही आहे. अल्ट्रा कंपनीचं तसंच: यूट्यूबवर फुकट, आणि २०२३ पासून ‘अल्ट्रा झकास’ हे पैसे भरायचं मराठी ॲप. राजश्री आणि एव्हरेस्ट यांचीही मराठी चॅनेलं आहेत.

म्हणजे एकाच कंपनीकडे एक खिडकी जाहिरातीची, एक खिडकी पैशांची. कंपनीचा हिशेब साधा आहे. नवा किंवा फार मागणीचा सिनेमा पैशांच्या खिडकीत आधी येतो. त्याच्यासाठी नवे ग्राहक यायचे थांबले की तो यूट्यूबवर उतरतो, कारण तिथे तो ठेवायला खर्च जवळजवळ शून्य आणि प्रत्येक बघणाऱ्यामागे जाहिरातीचे थोडे पैसे सुटतात. आपल्याला हवा असलेला चाळीस वर्षांपूर्वीचा सिनेमा एखाद्या मराठी ॲपवर दिसला, तर पैसे भरण्याआधी त्याच कंपनीचं यूट्यूब चॅनेल उघडून त्याच्यातच शोधावं. चॅनेलच्या पानावर भिंगाचं चिन्ह असतं, ते फक्त त्या चॅनेलचा माल चाळतं. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि फार लोकांना ठाऊक नाही.

दुसऱ्या बाजूने, ‘कुठे काय आहे’ सांगणारं जस्टवॉच हे संकेतस्थळ ॲपांवरचे नवे सिनेमे झटकन दाखवतं, पण कंपन्यांच्या यूट्यूब चॅनेलांवर पडलेलं जुनं मराठी तिथे बहुतेकदा सापडत नाही. त्याने ‘उपलब्ध नाही’ म्हटलं म्हणून हार मानू नये.

पदर उजव्या खांद्यावर दिसला तर

फुकटच्या बाजारात चोरीचा मालही असतो, आणि तो ओळखायला सोपा आहे. यूट्यूबकडे २००७ पासून एक यंत्रणा आहे. हक्कदार कंपनी आपला सिनेमा तिच्याकडे नोंदवते आणि दुसऱ्या कुणी तो चढवला की यंत्रणा तो ओळखते. मग कंपनी तो बंद पाडू शकते, किंवा तसाच राहू देऊन जाहिरातीचे पैसे स्वतः घेऊ शकते. या यंत्रणेला चकवायला काही जण चित्र आरशासारखं उलटं करतात. पाट्या उलट्या वाचता येत नाहीत म्हणून सुरुवातीची श्रेयनामावलीच छाटतात. पण नायिकेचा पदर उजव्या खांद्यावर दिसतो आणि पाटलाचा मुनीम डाव्या हाताने हिशेब लिहितो. कुणी चित्र मोठं करून कडा छाटतं, कुणी भोवती रंगीत चौकट लावतं, कुणी आवाजाची पट्टी बदलतं. असली प्रत लावू नये. बघायला त्रास होतो आणि अर्ध्यावर ती गायबही होऊ शकते.

चोरीची नसलेली, पण बिघडलेली प्रत वेगळी. जुन्या सिनेमाचं चित्र जवळपास चौकोनी असे. आजचा टीव्ही लांबोडका. चौकोनी चित्र ताणून पडदाभर केलं की माणसं बुटकी आणि जाडी दिसतात आणि बैलगाडीचं चाक अंड्यासारखं होतं. ताणण्याऐवजी वरखाली छाटलं असेल तर फेटे आणि कपाळं कापली जातात. ज्या प्रतीला डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या आहेत, तीच खरी. घरात कुणीतरी ‘पडदा भरत नाही’ म्हणून टीव्हीवरचं बटण दाबून चित्र ताणतं, ते आधी पूर्ववत करावं.

आणि 1080p या आकड्याला भुलू नये. कित्येक जुन्या सिनेमांच्या प्रती व्हीसीडीवरून आलेल्या आहेत. व्हीसीडीचं चित्र अवघं ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. ते फुगवून 1080p केलं तरी नसलेला तपशील कुठून येणार? खूण अशी की सिनेमाच्या मध्येच, साधारण तासा-सव्वातासाने, चित्र क्षणभर काळं होतं आणि कंपनीचं बोधचिन्ह पुन्हा झळकतं. तिथे पहिली तबकडी संपून दुसरी लागलेली असते. अशी प्रत 480p वर बघितली तरी तेवढीच दिसते, आणि रोज दीड जीबीवर भागवणाऱ्या फोनचा डेटा वाचतो.

पैसे भरूनही जाहिरात

‘पैसे भरले की जाहिरात नाही’ हा समज आता जुना झाला. ॲमेझॉन प्राइम व्हिडिओने १७ जून २०२५ पासून भारतात जाहिराती सुरू केल्या. त्या नको असतील तर वर महिन्याला १२९ किंवा वर्षाला ६९९ रुपये आणखी, असा तेव्हाचा दर होता. त्याच ॲमेझॉनकडे २०२४ पासून एमएक्स प्लेयर हे पूर्ण फुकट ॲपही आहे. जिओहॉटस्टारच्या स्वस्त योजनांतही जाहिराती असतात. म्हणजे फुकट आणि विकत यांच्यामधली भिंत जाहिरातींच्या बाबतीत पडलीच आहे. फरक उरला तो मालाचा आणि प्रतीच्या दर्जाचा.

दर्जात पैशांची खिडकी जिंकते, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. अधिकृत प्रत, बरोबर आकार, शाबूत गाणी आणि अनेकदा उपशीर्षकं. नागपूरच्या कॉलेजात शिकणाऱ्या आणि मराठी बोलताना अडखळणाऱ्या आपल्या पोरांना उपशीर्षकांचा फार उपयोग होतो.

मालात मात्र ती फक्त नव्याला धरून आहे. ‘सैराट’ (२०१६) झी स्टुडिओजचा, म्हणून झी५ वर. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ नेटफ्लिक्सने २०२१ मध्ये जगभर दाखवला. शास्त्रीय गाण्याच्या शिष्याची ही गोष्ट फुकटात कुठे अधिकृत मिळेल ही आशा सोडावी. नेटफ्लिक्सची १४९ रुपयांची मोबाइल योजना फक्त फोन-टॅबवर आणि 480p वर चालते. सगळ्या घराने टीव्हीवर बघायचं म्हटलं तर ती कामाची नाही. वर्षभराची वर्गणी घेऊन वर्षातून दोन मराठी सिनेमे बघण्यापेक्षा, बघायच्या नव्या सिनेमांची यादी साठवावी, दिवाळीच्या सुट्टीत पोरं घरी आली की एक महिन्याची वर्गणी घ्यावी, यादी संपवावी आणि आपोआप पैसे कापले जाणं त्याच दिवशी बंद करावं.

मधलेच अनाथ

सगळ्यांत अवघड कोण? जुन्या सोन्यात न मोडणारे आणि नव्या गर्दीतही न बसणारे. दोन हजारच्या आसपासचे, पारितोषिकं मिळवलेले, छोट्या निर्मात्यांचे सिनेमे. ‘श्वास’ (२००४) ‘श्यामची आई’नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा दुसरा मराठी सिनेमा. सतीश मनवरांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा, आपल्या कानाला घरच्यासारख्या वाटणाऱ्या बोलीतला. आपल्या संत्र्याच्या आणि कापसाच्या पट्ट्यात तो प्रत्येक घरात बघितला जावा असं मला मनापासून वाटतं.

अशा सिनेमांचे हक्क ॲपांना ठरावीक वर्षांसाठी दिले जातात. मुदत संपली आणि नवा करार झाला नाही की सिनेमा एका रात्रीत दिसेनासा होतो. मग तो दुसऱ्या ॲपवर येतो, किंवा कुठेच येत नाही. हक्क संपायला अजून चाळीसेक वर्षं आहेत, म्हणून तो कायद्याने मोकळाही नाही, आणि मागणी थोडी म्हणून यूट्यूबच्या बड्या चॅनेलांनाही त्याची ओढ नाही. यांच्यासाठी उपाय एकच: दिसला की लगेच बघायचा, ‘नंतर बघू’ म्हणायचं नाही. शोधताना सिनेमाच्या नावाऐवजी दिग्दर्शकाचं आणि निर्मितीसंस्थेचं नाव टाकून बघावं. छोटे निर्माते कधीकधी स्वतःच्याच चॅनेलवर सिनेमा ठेवतात आणि त्याला चार लोकही पोचलेले नसतात.

सरकारी कपाटंही उघडून बघावीत. प्रसार भारतीचं ‘वेव्ह्ज’ ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या महोत्सवात सुरू झालं. त्यात दूरदर्शनचा जुना साठा आहे, आणि बराचसा फुकट. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हापासूनच्या मराठी मुलाखती, नाटकं, गाण्याचे कार्यक्रम यांतलं जे जपलं गेलं ते हळूहळू सह्याद्रीच्या यूट्यूब चॅनेलवरही येत असतं. अभ्यासू मंडळींसाठी indiancine.ma हे संकेतस्थळ आहे. २०१३ पासून तिथे भारतीय सिनेमांच्या नोंदी आणि हक्क संपलेले कितीतरी सिनेमे एकत्र ठेवलेले आहेत. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चे (१९१३) उरलेले तुकडेही इंटरनेटवर बघता येतात. पूर्ण सिनेमा मात्र जगात कुणाकडेच नाही, कितीही पैसे भरले तरी.

वऱ्हाडी विनोदापासून खडी गंमतीपर्यंत

आता राहिली अगदी आपल्या मातीची गोष्ट. वऱ्हाडी बोलीतले विनोदी छोटे सिनेमे, खडी गंमत, दंडार, गावच्या मंडळांची भजनं. झाडीपट्टीच्या नाटकांवर २०२२ मध्ये ‘झॉलीवूड’ नावाचा सिनेमा तरी आला. खडी गंमतीच्या वाट्याला तेवढंही फारसं आलेलं नाही. पैसे घेणाऱ्या कोणत्याही मोठ्या ॲपच्या यादीत तिच्यासाठी वेगळा रकाना मला आजवर दिसलेला नाही. यूट्यूबवर मात्र ती आहे, रात्रभराच्या खेळाच्या दोन-दोन तासांच्या नोंदी, ढोलकी आणि डफ यांसकट, बायकांच्या वेशातले नाचे आणि सवाल-जवाबाच्या लावण्या यांसकट. गावातल्या कुणीतरी फोन तिवईवर लावून टिपलेल्या.

त्या सापडत नाहीत, कारण त्यांची नावं ‘VID_2019…’ अशी असतात, नाहीतर ‘सुपरहिट धमाका भाग ३’ अशी. गावाचं नाव नाही, शाहिराचं नाव नाही, वर्ष नाही. शोधयंत्राला ओळखायला काहीच उरत नाही. म्हणून या बाबतीत शोधण्याचा उलटा मार्ग धरावा: आधी मंडळाच्या एका माणसाला गाठावं, त्याच्याकडून चॅनेलचं नाव घ्यावं आणि मग त्या चॅनेलचे सगळे व्हिडिओ जुन्यापासून चाळावेत.

आणि तुम्ही स्वतः असं काही टिपून चढवत असाल तर शीर्षकात देवनागरीत पाच गोष्टी लिहा: प्रकार, मंडळाचं किंवा शाहिराचं नाव, गाव, तालुका, वर्ष. उदाहरणार्थ ‘खडी गंमत’, मग मंडळ, मग गाव, ‘ता. सौंसर, जि. पांढुर्णा’, मग साल. शाहिराची परवानगी आधी घ्या, वर्णनात ढोलकी कुणी वाजवली आणि नाच्या कोण होता तेही टाका. भाषेच्या रकान्यात Hindi निवडलेलं असेल तर ते बदलून Marathi करा, तो रकाना व्हिडिओच्या तपशिलाच्या पानावर खाली, Show more दाबल्यावर दिसतो.